वर्तमानपत्राचे बारा उपयोग

*ताई, नमस्कार. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात सहावीत आहे. एका खासगी संस्थेनं शाळेत येऊन सगळ्या मुलांची 'क्रिएटिव्हिटी टेस्ट' घेतली. अमुक वस्तूचे जास्तीत जास्त उपयोग लिहा, असे प्रश्न होते. तिच्या रिपोर्टमध्ये 'पर्सेंटाइल ३१, सरासरीपेक्षा कमी' असं आलंय. जाऊबाईंच्या मुलाला ८८. संस्था म्हणते बारा आठवड्यांचा कोर्स करा, फी सोळा हजार. माझा गोंधळ असा की हीच मुलगी गेली तीन वर्षं घरच्या गणपतीपुढचा हलता देखावा एकटी करते. खेळण्यातली मोटर, पुठ्ठा, रबरबँड, हाताला लागेल ते वापरते. पण आता म्हणते, 'आई, मी क्रिएटिव्ह नाहीये, रिपोर्टमध्ये आलंय.' कोर्स लावू का? – एक आई, सातारा*

कोर्स लावू नका. पण लेकीची समजूत काढायची म्हणून 'ती टेस्ट म्हणजे नुसतं थोतांड' असंही तिला सांगू नका, कारण ते खरं नाही. या चाचण्या काहीतरी मोजतात. ते 'काहीतरी' नेमकं काय, एवढं आधी बघू. मग ३१ आणि ८८ या आकड्यांना किती भाव द्यायचा ते तुमचं तुम्हालाच कळेल.

मी शिकत असताना अशा चाचण्यांच्या शेकडो उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. आपल्याकडे तेव्हा एम.एड.च्या प्रबंधांत बाकर मेहदींची चाचणी फार चालायची. दगडाचे, लाकडी काठीचे, पाण्याचे वेगळे उपयोग सांगा, शाळेला चाकं असती तर काय झालं असतं ते लिहा, असे प्रश्न. या सगळ्याचं मूळ अमेरिकेत आहे. जे. पी. गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञानं १९५० साली तिथल्या मानसशास्त्र संघटनेचा अध्यक्ष म्हणून भाषण दिलं, त्यात त्याचं म्हणणं असं होतं की बुद्धिमत्ता चाचण्या एकच बरोबर उत्तर शोधायला लावतात आणि सर्जनशीलता त्यातून निसटते. मग एका प्रश्नाची अनेक उत्तरं काढायला लावणाऱ्या चाचण्या आल्या. पुस्तकात याला 'अपसारी विचार' म्हणतात. १९६६ साली ई. पॉल टॉरन्सनं आपला चाचणीसंच छापला आणि तो जगभर पसरला. तुमच्या मुलीच्या वर्गात जे वाटलं गेलं ते बहुधा या घराण्यातलंच काहीतरी असणार.

गुण कसे पडतात ते एका उदाहरणानं सांगते. समजा प्रश्न आहे, 'जुन्या वर्तमानपत्राचे उपयोग लिहा'. वर्गात चाळीस मुलं. पहिल्या मुलानं बारा उत्तरं लिहिली: पुडी बांधायला, डबा गुंडाळायला, केळी गुंडाळून पिकवायला, कपाटात अंथरायला, जमिनीवर अंथरायला, टेबलावर अंथरायला, भज्यांचं तेल टिपायला, काच पुसायला, नाव करायला, विमान करायला, टोपी करायला, झुरळ मारायला.

दुसऱ्या मुलीनं चारच लिहिली: कपाटात अंथरायला, भिजवून लगद्याचा मुखवटा करायला, आजोबांना कुठल्या आकाराची अक्षरं अजून वाचता येतात ते बघायला, आणि धाकट्या भावाच्या प्रत्येक वाढदिवसाचा अंक जपून तो मोठा झाल्यावर त्याला द्यायला.

आता तपासू. पहिला गुण उत्तरांच्या संख्येचा, म्हणजे ओघाचा: मुलाला १२, मुलीला ४. दुसरा लवचिकतेचा, म्हणजे उत्तरं किती वेगवेगळ्या गटांत पडतात: मुलाचे गुंडाळणं, अंथरणं, टिपणं-पुसणं, घड्या घालून खेळणी करणं आणि मारणं असे ५ गट, मुलीचे ४. तिसरा नावीन्याचा. इथं तपासनीस 'हे उत्तर किती सुंदर' असं बघत नाही, 'हे उत्तर किती जणांनी दिलंय' एवढं मोजतो. समजा नियम असा की वर्गातल्या दोनपेक्षा जास्त मुलांनी न दिलेल्या उत्तराला एक गुण. मुलाचं केळी पिकवणं आणखी एकानंच लिहिलंय, म्हणून त्याला १. मुलीचा मुखवटा पाच जणांनी लिहिलाय, त्याला काही नाही. आजोबांची नजर आणि वाढदिवसाचे अंक मात्र कुणीच लिहिले नाहीत, तिला २. बेरीज करा: मुलगा १८, मुलगी १०.

तुम्ही या दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवून वाचल्यात तर कुठली लक्षात राहील, हे मी सांगायला नको. पण बेरजेत मुलगा पुष्कळ पुढे आहे. त्यात लबाडी नाही, हिशेबाचा गुणधर्म आहे. बारा उत्तरं लिहिली की गटही वाढतात आणि बारापैकी एखादं दुर्मीळ निघण्याची शक्यताही वाढते. म्हणजे तीन वेगवेगळे गुण दिसतात खरे, पण तिन्हींच्या पोटात बरीचशी एकच गोष्ट असते: किती लिहिलं. टॉरन्सच्या संचात तपशिलाचाही गुण असतो, पण उपयोग विचारणाऱ्या प्रश्नांत ही संख्येची भानगड संशोधकांना सत्तरच्या दशकापासून ठाऊक आहे आणि तिच्यावर आजही वाद चालतो. उपाय म्हणून कुणी नावीन्याच्या गुणांना उत्तरांच्या संख्येनं भागतं, तर मग एकच विचित्र उत्तर लिहून पेन खाली ठेवणारा पोरगा पहिला येतो. त्यातल्या त्यात मला पटतो तो पॉल सिल्व्हिया आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ साली मांडलेला मार्ग: लिहून झाल्यावर माणसाला त्याचीच दोन सर्वांत चांगली उत्तरं निवडायला सांगायचं आणि तीन-चार तपासनीसांनी फक्त तेवढ्यांवर एक ते पाच गुण द्यायचे. वर्गभर चाळीस मिनिटांत चाचणी उरकणारी संस्था एवढा खटाटोप करत नाही, कारण तपासायला माणसं लागतात.

दुर्मीळ म्हणजे कुणाच्या तुलनेत दुर्मीळ, हाही प्रश्न आहेच. वर्तमानपत्रावर भजी काढणं हे साताऱ्यात दर दुसऱ्या मुलाला सुचेल. जिथं भजीच होत नाहीत तिथल्या मुलांवरून केलेल्या यादीशी ताडून पाहिलं तर तेच उत्तर भलतं कल्पक ठरेल. आणि आपल्याकडे जे खरोखर वेगळं आहे ते तिकडच्या यादीत सर्रास असू शकतं. आयात केलेल्या चाचणीचे गुण आयात केलेल्याच कोष्टकावरून काढले, तर पर्सेंटाइलचा आकडा छापील आणि टापटीप दिसतो, पण तो तुमच्या मुलीला नेमकं कुणाशेजारी उभं करतो ते कळायला मार्ग नसतो.

(पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे तुम्हाला माहीत असेल, तरी लेकीला सांगा. ३१ म्हणजे शंभरात ३१ गुण पडले असं नाही. ज्या गटाशी तुलना केली त्यातली साधारण ३१ टक्के मुलं तिच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.)

आता घड्याळ. तुमची मुलगी इंग्रजी माध्यमात आहे, म्हणजे उत्तरं इंग्रजीत लिहायची असणार. घरी मराठी बोलणारं अकरा वर्षांचं मूल 'भज्यांचं तेल टिपायला' हे इंग्रजीत लिहायला किती वेळ घेईल, स्पेलिंगला किती वेळा अडेल आणि अडल्यावर ते उत्तरच किती वेळा सोडून देईल? वेळ ठरलेला असतो. त्यात हळू लिहिणाऱ्या मुलाची कल्पकता कमी भरते की त्याचा हात कमी चालतो, हे गुणांवरून सांगता येत नाही. शिवाय गिलफर्डच्याच गटानं १९५७ साली दाखवून दिलं होतं की सुरुवातीची उत्तरं बहुतेकांची सारखी असतात, आठवणीतून भराभर येतात. वेगळी उत्तरं उशिरा येतात, गाडी अडखळत चालायला लागते तेव्हा. म्हणजे घड्याळ लावलं की कापलं जातं ते नेमकं शेपूट, जिथं पाहण्यासारखं काही असतं.

१९६५ साली वॉलाक आणि कोगन यांनी पाचवीच्या १५१ मुलांबरोबर हेच उलट करून पाहिलं. वेळेचं बंधन नाही, 'परीक्षा' हा शब्द नाही, एकेका मुलाशी खेळल्यासारखं बोलत विचारायचं. तेव्हा या उत्तरांचा बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांशी संबंध जवळजवळ उरला नाही, म्हणजे वेगळं काहीतरी मोजलं जात होतं. परीक्षेच्या वातावरणात ते वेगळेपण पुसट होतं. तुमच्या मुलीची चाचणी कशी झाली असेल? बाकं लावून, शेजारच्याचं बघू नका म्हणत, बहुधा.

एवढं सगळं असूनही या चाचण्या टाकाऊ नाहीत असं मी म्हणते, त्याचं कारण टॉरन्सचाच एक अभ्यास. १९५८ पासून त्यानं मिनिआपोलिसच्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना चाचण्या दिल्या आणि मग वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. मोठेपणी त्यांनी काय काय केलं, काय घडवलं, ते विचारलं. जोनाथन प्लकर यानं १९९९ साली तीच आकडेवारी नव्यानं तपासली, तेव्हा मोठेपणीच्या सर्जनशील कामगिरीतल्या फरकाचं जवळजवळ निम्मं स्पष्टीकरण बालपणीच्या या गुणांतून मिळतं असं निघालं, आणि ते बुद्धिमत्ता चाचणीच्या तिपटीहून जास्त होतं. संस्थांच्या माहितीपत्रकांत तुम्हाला हेच वाक्य भेटेल. त्यापुढचं सहसा भेटत नाही. पन्नास वर्षांनंतरचा पाठपुरावा २०१० साली छापून आला, त्यात बालपणीचे गुण वैयक्तिक पातळीवरच्या सर्जनशीलतेशी, म्हणजे घर, छंद, स्वतःच्या जगण्यात काही घडवणं, अशा गोष्टींशी जुळले. जगानं दखल घ्यावी अशा कामगिरीशी जुळले नाहीत. आणि हे सगळं एकाच शहरातल्या मोजक्या मुलांवरून.

अनेक अभ्यास एकत्र केले की चित्र आणखी फिकं होतं. क्यूंग ही किम यांनी २००८ साली तसं केलं. या चाचण्यांचे गुण आणि प्रत्यक्षातली सर्जनशील कामगिरी यांचा सहसंबंध निघाला सुमारे ०.२२. बुद्धिमत्ता चाचणीचा ०.१७. म्हणजे ही चाचणी त्या चाचणीपेक्षा थोडी उजवी आहे, हे खरं. पण ०.२२ म्हणजे हातात काय लागतं? ढोबळ हिशेब असा: चाचणीत वरच्या निम्म्यात आलेली शंभर मुलं घ्या. पुढे कामगिरीतही वरच्या निम्म्यात येतील ती साधारण ५७. खालच्या निम्म्यात आलेल्या शंभरांपैकी येतील ४३. नुसतं नाणं उडवून भाकीत केलं असतं तरी पन्नास-पन्नास आलंच असतं. हजारो मुलांवर संशोधन करणाऱ्याला हा सात-सातचा फरक मोलाचा असतो, तो त्यावरून खूप काही शोधू शकतो. एका मुलीच्या आईला त्याचा जवळजवळ काहीच उपयोग नाही. जाऊबाईंच्या ८८ लाही हेच लागू, पण ते तुम्ही त्यांना सांगायला जाऊ नका.

आता देखाव्याकडे येते, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ तीच आहे. चाचणीत प्रश्न दुसरा कुणीतरी देतो. वर्तमानपत्र समोर ठेवलेलं असतं. तुमच्या मुलीला देखावा हलता कर असं कुणी सांगितलं होतं? प्रश्न तिनं स्वतः काढला, आणि उत्तर एक-दोन मिनिटांत नाही, काही आठवड्यांत शोधलं. गेट्झेल्स आणि चिक्सेंटमिहाय या दोघांनी शिकागोत कलाविद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास इथं मला नेहमी आठवतो. ३१ विद्यार्थी, दोन टेबलं, त्यांवर मिळून २७ वस्तू. त्यातल्या हव्या त्या घेऊन मांडा आणि चित्र काढा, एवढंच सांगितलं. काहींनी चटकन दोन-तीन वस्तू मांडल्या आणि कामाला लागले. काहींनी वस्तू हाताळल्या, उलटसुलट केल्या, मांडणी मोडली, चित्र अर्ध्यावर आल्यावर बदललं. काय काढायचं हेच ते शोधत होते. काही वर्षांनी माग काढला, तेव्हा कलाकार म्हणून पुढे गेलेल्यांत या दुसऱ्या प्रकारच्यांचं पारडं जड होतं. 'वर्तमानपत्राचे उपयोग लिहा' या प्रश्नात अशा शोधाला जागाच नाही.

आणखी एक गोष्ट राहते, निवडण्याची. मुलीला दहा कल्पना सुचल्या असतील, त्यातल्या नऊ टाकून तिनं एक धरली. रबरबँड घसरतो म्हणून दोन दिवस अडली असेल, मग पुठ्ठ्याच्या चाकाला खाच पाडली असेल. हे मी अंदाजानं लिहितेय, पण हलतं काहीही केलेल्या माणसाला असं काहीतरी करावंच लागतं. टाकून देणं, तपासणं, दुरुस्त करणं यांना त्या चाचणीत गुण नाहीत. खरं तर स्वतःची उत्तरं पारखून मगच लिहिणारं मूल तिथं तोट्यातच जातं. तुमची मुलगी त्यातली आहे का, हे उत्तरपत्रिका पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही; पण देखावे करणारी, कमी गुणांची मुलगी म्हटल्यावर माझ्या मनात पहिली शंका तीच येते.

कोर्सबद्दल. अशा कोर्सनंतर पुन्हा तीच चाचणी घेतली तर गुण वाढतील, याची मी खात्री देते. भरपूर लिहायचं, वेगवेगळ्या गटांतलं लिहायचं, एवढं कळलं की झालं. 'वेगळं काहीतरी लिहा' एवढी सूचना बदलली तरी उत्तरं बदलतात, हे वारंवार दिसलेलं आहे. पण ती वाढ देखाव्यापर्यंत पोचेल का? जॉन बेअर यानं १९९६ साली छापलेल्या प्रयोगात सातवीच्या मुलांना कवितेला उपयोगी पडतील असे अपसारी विचाराचे सराव दिले. त्यांच्या कविता सुधारल्या. गोष्टी सुधारल्या नाहीत. कविता आणि गोष्ट ही शेजारशेजारची घरं. तिथेही पाणी या अंगणातून त्या अंगणात गेलं नाही. मग वर्तमानपत्राच्या उपयोगांवरून मोटर आणि गिअरपर्यंत ते कसं जाईल? सोळा हजारांत चांगले स्क्रू-ड्रायव्हर, छोट्या मोटरी, बॅटरी-होल्डर आणि पुठ्ठा कापायचं नीट कटर येऊन वर पैसे उरतील. कटर वापरताना मात्र सोबत बसा.

तुम्हाला काही करायचंच असेल तर शाळेमार्फत संस्थेकडे तीन गोष्टी मागा. मुलीची मूळ उत्तरपत्रिका, फक्त रिपोर्ट नाही. ओघ, लवचिकता आणि नावीन्य यांचे वेगवेगळे गुण. आणि पर्सेंटाइल कुठल्या मुलांच्या गटावरून काढलं, त्यांचं वय, भाषा आणि गाव काय होतं, याचं लेखी उत्तर. पहिल्या दोन मिळाल्या की वर केला तसा हिशेब तुम्ही स्वतः करू शकाल. उत्तरं थोडी आणि नावीन्याचे गुण त्या मानानं बरे असतील, तर ३१ चा उलगडा तिथंच झाला. उत्तरं थोडी आणि तीही सर्रास असतील, तर एखाद्या रविवारी घरी बोलता बोलता, मराठीत, घड्याळाशिवाय विचारून बघा. तुम्ही लिहून घ्या, तिनं फक्त बोलायचं. संपलं असं ती म्हणाली की गप्प बसा, लगेच पुढे जाऊ नका. पुष्कळदा त्या शांततेनंतरच खरी मजा येते. शेवटी तिलाच तिची आवडती दोन उत्तरं निवडू द्या आणि का आवडली ते विचारा. तरीही फारसं काही आलं नाही तर घाबरू नका. तिला तो खेळ आवडत नसेल. वस्तू हातात नसताना तिच्याबद्दल बोलायचा कंटाळा येणारे उत्तम कारागीर मी पाहिले आहेत.

आणि तिला मोजायचंच असेल तर जे तिनं केलंय त्यावर मोजा. तेरेसा अमाबिलेनं १९८२ साली पद्धतशीरपणे मांडलेली रीत अशी की त्या कामातल्या जाणत्या माणसांना प्रत्यक्ष वस्तू दाखवायची आणि प्रत्येकानं दुसऱ्याशी न बोलता आपलं मत द्यायचं. तुमच्याकडे तीन वर्षांचे देखावे आहेत, निदान फोटो आणि व्हिडिओ तरी असतील. ते तारखेनं लावा. गावातला एखादा मोटर रिवाइंडिंग करणारा, एखादे विज्ञानाचे शिक्षक, मंडळाचे देखावे उभारणारा एखादा कलाकार अशा तिघांना वेगवेगळे दाखवा. 'छान आहे ना?' असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. पहिल्या वर्षीपेक्षा तिसऱ्या वर्षी काय बदललंय आणि तिनं कुठली अडचण कशी सोडवली आहे, ते विचारा. मुलीला शेजारी बसवा. रिपोर्टमधल्या वाक्यावर तिच्याशी वाद घालण्यापेक्षा मोटरवाल्या काकांनी 'ही खाच तुला कशी सुचली?' असं विचारलेलं तिच्या कानावर पडू दे.

उत्तरपत्रिका मिळाली तर तिचं आणि शाळेचं नाव झाकून मलाही पाठवा. पंचवीसेक वर्षांत तपासणीची लाल पेन्सिल हातात धरलेली नाही, पण गट अजून पाडता येतात.